९५ टक्के नेमके कशाचे?

*नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. मागच्या हंगामात आम्ही कोरडवाहू कपाशीच्या १० वावरांत मुरूम लागेपर्यंत खोदून मातीची खोली मोजली आणि एकरी उत्पादन लिहून घेतलं. Excel मध्ये रिग्रेशन केलं. दर १० सेंटिमीटर खोलीमागे ०.३७ क्विंटल वाढ आली, आणि Lower 95%, Upper 95% मध्ये ०.१५ ते ०.५९. मी अहवालात लिहिलं, 'खरी वाढ ०.१५ ते ०.५९ च्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.' आमचे अध्यक्ष म्हणतात, म्हणजे ९५ टक्के शेतकऱ्यांना एवढी वाढ मिळते. कॉलेजातले माझे सर म्हणाले, दोन्ही चूक. मग हे ९५ टक्के कशाचे, आणि मी अहवालात लिहू काय? तक्ता सोबत जोडला आहे.*

ताई, सर बरोबर बोलले. फक्त दोन्ही चुका एका तोलाच्या नाहीत. अध्यक्षांची चूक तुमच्याच तक्त्यात डोळ्यांना दिसते. तुमची तशी दिसत नाही, आणि संशोधनाचे कागद लिहिणारी माणसंही ती सर्रास करतात. म्हणून सोपी आधी उरकू.

तुमच्या तक्त्यात ३० सेंटिमीटर खोलीच्या वावरात एकरी साडेतीन क्विंटल कापूस निघाला, ४० ला पाच, ५० ला चार, ६० ला साडेचार, ७० ला साडेसहा, ८० ला पाच, ९० ला सात, १०० ला साडेपाच, ११० ला सहा आणि १२० ला आठ. आता एका वावरातून पुढच्या, १० सेंटिमीटर जास्त खोल वावरात चालत जा. कुठे दीड क्विंटल वाढतात, लगेच पुढे एक क्विंटल घटतो, मग अर्धा वाढतो, मग एकदम दोन. अशा नऊ पावलांत ०.१५ ते ०.५९ च्या आत बसणारी पावलं दोनच आहेत, दोन्ही अर्ध्या क्विंटलची. अध्यक्षांचं म्हणणं खरं असतं तर नऊपैकी जवळजवळ सगळी बसायला हवी होती.

कारण ०.१५ ते ०.५९ हा पट्टा वावरांचा नाहीच. दहाही ठिपक्यांच्या मधून जी एक सरळ रेषा जाते, तिच्या चढाचा, म्हणजे स्लोपचा तो पट्टा आहे. एकेकट्या वावरात पेरणी कधी झाली, बोंडअळी किती आली, डवरणी वेळेवर झाली का, वेचणीला माणसं मिळाली का, हे सगळं मातीच्या खोलीवर कुरघोडी करतं. उद्या एखादा शेतकरी तुमच्याकडे आला आणि म्हणाला, माझ्या वावरात ८० सेंटिमीटर माती आहे, मला किती होईल, तर रेषा ५.७ क्विंटल सांगते. पण त्या एका वावरासाठी ९५ टक्क्यांचा अंदाज काढला तर तो ३.५ पासून ७.८ पर्यंत पसरतो. तो वेगळा हिशोब आहे, त्याला प्रेडिक्शन इंटरव्हल म्हणतात, आणि Excel च्या रिग्रेशनच्या तक्त्यात तो छापून येत नाही. अध्यक्षांना शेतकऱ्यांबद्दल बोलायचं असेल तर त्यांना हा दुसरा पट्टा लागेल.

आता तुमचं वाक्य. त्याआधी ०.१५ आणि ०.५९ हे आकडे आले कुठून, ते एकदा बघून घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

रेषेपासून तुमची वावरं सरासरी पाऊण-एक क्विंटल इकडेतिकडे आहेत. नेमकं काढलं तर ०.८८. या विखुरण्यामुळे स्लोप डळमळतो. किती डळमळतो, ते Standard Error सांगतो, आणि तुमच्या तक्त्यात तो १० सेंटिमीटरमागे ०.०९७ आहे. याला २.३०६ ने गुणलं की ०.२२ येतात. ०.३७ मधून ०.२२ वजा करा आणि ०.३७ मध्ये मिळवा, झाले तुमचे दोन आकडे. हा २.३०६ म्हणजे टी-तक्त्यातली ८ ची ओळ. दहा वावरांपैकी दोघांइतकी माहिती रेषा आखण्यातच खर्च झाली, उरले ८. वावरं शेकड्यांनी असती तर हाच आकडा १.९६ च्या जवळ आला असता. दहाच असल्यामुळे विखुरणंही आपण अंदाजानेच काढलं आहे, त्याची ही भरपाई. १९०८ साली विल्यम गॉसेट नावाच्या, गिनेसच्या बिअर कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने 'स्टुडंट' या टोपणनावाने ही वाट दाखवली. (Excel तेच दोन आकडे शेजारच्या Lower 95.0% आणि Upper 95.0% या रकान्यांत पुन्हा छापतं. त्यात काही गूढ नाही, दुर्लक्ष करा.)

या सगळ्या हिशोबात बदलू शकणारी गोष्ट कोणती आणि न बदलणारी कोणती, एवढं पाहा. तुमच्या भागातल्या कोरडवाहू जमिनीत खोलीमागे खरोखर किती वाढ होते, तो आकडा एकच आहे. आपल्याला माहीत नाही, पण तो आहे तिथेच आहे. बदलतो तो पट्टा. तुम्ही दुसरी दहा वावरं घेतली असती तर दुसरी रेषा, दुसरा स्लोप, दुसरा पट्टा. ९५ टक्के हा आकडा या बदलणाऱ्या पट्ट्यांच्या सगळ्या मांदियाळीबद्दल बोलतो: अशी दहा-दहा वावरं पुन्हा पुन्हा निवडली, प्रत्येक वेळी याच पद्धतीने पट्टा काढला, तर शंभरातले साधारण ९५ पट्टे त्या एका खऱ्या आकड्याला आपल्या पोटात घेतील आणि पाचेक चुकतील. तुमच्या हातात आलेला ०.१५ ते ०.५९ हा त्यातला एक. तो बसला आहे किंवा चुकला आहे. कोणत्या जातीचा आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

पाणाड्याचं उदाहरण घ्या. माझा त्यांच्या नारळावर आणि कडुनिंबाच्या फांदीवर काडीचा विश्वास नाही, पण वादापुरतं धरू की एका पाणाड्याने दाखवलेल्या शंभर जागांपैकी ९५ जागी पाणी लागलं आहे. तो तुमच्या धुऱ्याजवळ येतो, एका जागी टाच मारतो. त्या टाचेखाली पाणी आहे किंवा नाही. जमिनीखालचं पाणी ९५ टक्के असत नाही. ९५ हा त्या माणसाचा लौकिक आहे, त्या जागेचा गुण नाही. 'मग लौकिक तोच जागेला लावला तर बिघडलं काय?' असं तुम्ही विचाराल. बिघडतं, जेव्हा जागेबद्दल आपल्याला आधीच काही ठाऊक असतं. शेजारच्या तीन बोअर कोरड्या गेल्या आहेत हे माहीत असताना लौकिक ९५ चा आहे म्हणून तुम्ही ९५ च्या भरवशाने पैसे लावणार नाही.

हे तुमच्या आकड्यांवर करून दाखवतो. समजा वेळ नव्हता म्हणून तुम्ही पहिली चारच वावरं मोजली: ३०, ४०, ५० आणि ६० सेंटिमीटरची. त्यांची रेषा काढली तर १० सेंटिमीटरमागे ०.२० क्विंटल वाढ येते. उरलेला आकडा ८ ऐवजी २ होतो, त्यामुळे गुणायचा आकडा २.३०६ वरून थेट ४.३०३ वर चढतो, आणि पट्टा येतो उणे १.१९ ते अधिक १.५९. हाही ९५ टक्क्यांचाच पट्टा. पद्धत तीच, सूत्र तेच, Excel शिक्का तोच मारतं.

आता कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. वरच्या टोकाने गेलं तर ३० वरून १२० सेंटिमीटरला जाताना एकरी १४ क्विंटल जास्त निघायला हवेत. खालच्या टोकाने गेलं तर तेवढ्याच अंतरात जवळजवळ पावणेअकरा क्विंटल घटायला हवेत, म्हणजे भारी जमिनीत कापूस उणे सातेक क्विंटल. कोरडवाहू पऱ्हाटीत यातलं काहीही होत नाही. खरा आकडा उणे १.१९ च्या खाली किंवा १.५९ च्या वर असेल यावर कोणी चहाचीही पैज लावणार नाही. म्हणजे या पट्ट्यात खरा आकडा आहे याची आपली खात्री ९५ टक्के नसून जवळजवळ पूर्ण आहे. तरी पट्टा ९५ चाच. तुमचं अहवालातलं वाक्य इथे उघड खोटं पडतं. दहा वावरांच्या पट्ट्यावर ते खोटं वाटत नाही एवढंच, कारण तिथे आपल्याजवळचं आधीचं ज्ञान तितक्या जोराने आड येत नाही.

एखादा पट्टा रुंद असला तरी ९५ चा, अरुंद असला तरी ९५ चा, हे असं कसं, हा प्रश्न यावरून पडायला हवा. उत्तर असं की पद्धत आपला लौकिक राखण्यासाठी माहिती कमी असली की पट्टा रुंद करते. माहितीचं मोजमाप पट्ट्याच्या रुंदीत येतं, ९५ मध्ये येत नाही. म्हणून अहवाल वाचताना लोक ९५ कडे बघतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो तर आपण आधीच ठरवलेला आकडा, त्यात बातमी काहीच नाही. बातमी ०.१५ आणि ०.५९ मध्ये आहे.

सांगून पटत नसेल तर तुमच्याच संगणकावर करून बघा. एका कोऱ्या Excel पानावर A2 ते A11 मध्ये ३० ते १२० खोल्या लिहा. आता देव बनायचं: खरा स्लोप आपणच ठरवू, दर सेंटिमीटरला ०.०४, म्हणजे १० सेंटिमीटरला ०.४ क्विंटल. B2 मध्ये पहिलं सूत्र लिहून B11 पर्यंत ओढा. बाकीची सूत्रं क्रमाने D1 ते D5 मध्ये.

```
B2: =2.5+0.04*A2+NORM.INV(RAND(),0,0.9)
D1: =INDEX(LINEST(B2:B11,A2:A11,TRUE,TRUE),1,1)
D2: =INDEX(LINEST(B2:B11,A2:A11,TRUE,TRUE),2,1)
D3: =D1-T.INV.2T(0.05,8)*D2
D4: =D1+T.INV.2T(0.05,8)*D2
D5: =IF(AND(D3<=0.04,0.04<=D4),"yes","no")
```

F9 दाबलं की प्रत्येक वेळी नवा हंगाम येतो: त्याच खोल्या, नवी उत्पादनं. D3 आणि D4 उड्या मारताना दिसतील, कधी पट्टा वर सरकतो, कधी फुगतो, कधी आकसतो. ०.०४ जागचा हलत नाही. बहुतेक वेळा D5 मध्ये yes दिसेल आणि मधूनच no. शंभर वेळा दाबलं तर no बरोबर पाचच येतील असं नाही, तीन येतील, आठ येतील. हजारो वेळांत मात्र ते ५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतात. no येईल तेव्हा थांबून D3, D4 नीट बघा. त्या आकड्यांत संशय यावा असं काही दिसत नाही. तो पट्टाही चांगला सरळ, नेटका दिसतो. खऱ्या आयुष्यात तुमच्याकडे D5 नसतो.

F9 च्या या खेळात आणखी एक गैरसमज आपोआप गळून पडतो. काहींना वाटतं, पुढच्या वर्षी पुन्हा दहा वावरं मोजली तर नवा स्लोप ९५ टक्के वेळा यंदाच्या ०.१५ ते ०.५९ मध्येच येईल. तसं होत नाही. यंदाचा स्लोपही डळमळतो, पुढचाही. दोघांचं डळमळणं एकत्र होतं. नमुने मोठे असले तरी असं सरासरी ८३ टक्के वेळाच घडतं.

तुमच्या मनात असलेलं वाक्य, 'शक्यता ९५ टक्के', म्हणता येतच नाही का? येतं, पण त्यासाठी वेगळ्या घराण्यात जावं लागतं. आपल्या या पट्ट्याची, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हलची मांडणी येझी नेमन यांनी १९३० च्या दशकात केली. त्यात खरा आकडा स्थिर धरला जातो, म्हणून त्याला शक्यता चिकटवता येत नाही. ते वेगळं घराणं थॉमस बेज या गणितज्ञाच्या नावाचं. त्यातली माणसं आधीच सांगतात की मोजण्यापूर्वी आपल्याला स्लोपबद्दल काय वाटत होतं, मग त्यात तक्ता मिसळतात आणि मगच 'शक्यता इतकी' म्हणतात. तुमच्यासारख्या साध्या रिग्रेशनमध्ये, 'मोजण्यापूर्वी आम्हाला स्लोपबद्दल काहीच मत नव्हतं' असं धरलं, तर त्यांचा पट्टाही नेमका ०.१५ ते ०.५९ च येतो. त्यामुळे तुमचं वाक्य आकड्याने चुकीचं नाही, गृहीत धरलेली गोष्ट न सांगितल्याने चुकीचं आहे. आणि ती गृहीत धरलेली गोष्ट अशी की १० सेंटिमीटरला एक क्विंटल घट आणि अर्धा क्विंटल वाढ, दोन्ही मला सारखेच शक्य वाटतात. घाटंजीत बसून हे कोण म्हणेल?

आता थोडं तुमच्या तक्त्याबद्दल, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. ९५ चा लौकिक काही अटींवर मिळतो. सगळ्यात आधी, वावरं एकमेकांपासून सुटी हवीत. दहापैकी चार एकाच घरची असतील तर एकच बियाणं, एकाच दिवशी पेरणी, एकाच हाताची फवारणी. ती चार वावरं चार साक्षीदार म्हणून मोजली जातात, पण बोलतात एकच गोष्ट. मग पट्टा असायला हवा त्याहून अरुंद निघतो आणि ९५ नावालाच राहतो. तक्त्यात मालकांची नावं नाहीत, म्हणून एवढं तुम्हीच तपासा.

दुसरं म्हणजे तुम्ही 'कोरडवाहू' लिहिलं आहे, पण १२० सेंटिमीटरचं वावर बहुधा नाल्याकाठी असणार. आपल्याकडे खोल माती तिथेच साचते, विहीरही तिथेच असते, आणि पावसाचा खंड पडला की एखाद-दुसरं पाणी तिथेच दिलं जातं. शेतकरी त्याला ओलीत म्हणत नाही, म्हणून विचारल्यावर 'कोरडवाहू' सांगतो. तसं झालं असेल तर ०.३७ मधला काही भाग मातीचा नसून पाण्याचा आहे. याने पट्टा रुंद होत नाही. तो तसाच नेटका दिसतो, पण भलत्याच आकड्याभोवती. Lower 95% आणि Upper 95% फक्त विखुरण्याची खबर ठेवतात, अशा सरमिसळीची ठेवत नाहीत. शेवटच्या दोन-तीन वावरांना पाणी दिलं होतं का, हे फोन करून सरळ विचारा, आणि दिलं असेल तर ती बाजूला काढून रिग्रेशन पुन्हा करा.

अहवालात हे लिहा: 'पाहिलेल्या १० वावरांत, जिथे माती १० सेंटिमीटर जास्त खोल होती तिथे कपाशीचं उत्पादन एकरी सरासरी ०.३७ क्विंटल जास्त आढळलं. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१५ ते ०.५९.' खाली तळटीप द्या: 'ज्या पद्धतीने हा पट्टा काढला, ती नवनव्या नमुन्यांवर वापरल्यास सुमारे ९५ टक्के वेळा खरा स्लोप पट्ट्यात सापडतो.' 'खोली वाढवल्याने' असं लिहू नका, 'जिथे जास्त होती तिथे' एवढंच. सभेत कोणी म्हटलं, हे फार किचकट आहे, तर 'आमच्या आकड्यांशी जुळणारी वाढ ०.१५ पासून ०.५९ पर्यंत कुठलीही असू शकते' असं सांगा. त्यात शक्यतेचा दावा नाही आणि ऐकणाऱ्याला कामापुरतं कळतं.

पुढच्या हंगामात पुन्हा दहाच वावरं मोजणं परवडणार असेल तर ती ३० ते १२० मध्ये सारख्या अंतराने पसरू नका. चार अगदी हलकी घ्या, ३० च्या जवळपास, चार भारी, १२० च्या जवळपास, आणि एकेक ६० आणि ९० ला. विखुरणं यंदासारखंच राहिलं तर पट्ट्याची एका बाजूची रुंदी ०.२२ वरून ०.१६ वर येते, आणि एकही वावर जास्तीचं खोदावं लागत नाही. सगळी दहाच्या दहा दोन टोकांना घेतली तर ती ०.१४ होते. पण तो मोह टाळा, कारण मध्ये एकही वावर नसलं तर वाढ खरंच सरळ रेषेत होते की ८० सेंटिमीटरनंतर थांबते, हे कधीच कळणार नाही.